साडेपाच मिळवा

आमच्या इंदूरच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. वडिलांनी ते तसं लावलं, ते गेल्यावरही कुणी मागे केलं नाही, आणि घरातला प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघून मनातल्या मनात दहा वजा करतो. पाहुणे मात्र दचकून उठतात. 'अरे, साडेनऊ झाले, निघतो भिया', आणि आम्ही त्यांना बसा म्हणत नाही. सांगायचा मुद्दा हा, की घड्याळात दिसते ती वेळ आणि खरी वेळ यांत फरक असतो हे मला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे ऑफिसात यूटीसीचा विषय निघाला की माझी छाती फुगायची. म्हणायचो, हे तर आमच्या रक्तात आहे.

ऑफिस भंवरकुआं चौकाजवळ, एका कोचिंगच्या वरच्या मजल्यावर. खाली पोरं फिजिक्स घोकतात, वर आम्ही शाळेच्या बसेस सांभाळतो. म्हणजे बस नव्हे, बसचं सॉफ्टवेअर. बस स्टॉपजवळ आली की पालकांच्या मोबाइलवर मेसेज जातो, तो आमच्याकडून. तीन ठिकाणांहून काम चालतं. एक आमचा सर्व्हर. दुसरी मेसेज पाठवणारी कंपनी, तिला आम्ही व्हेंडर म्हणतो. आणि तिसरं सेटिंग्जचं पॅनेल, जिथे बसून आम्ही काय काय बदलतो आणि कोणी कधी बदललं त्याची नोंद आपोआप राहते.

सर्व्हरची वेळ यूटीसीत असते, म्हणजे साऱ्या जगाने मिळून ठरवलेल्या एका वेळेत. आपलं घड्याळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. मी ऑफिसातल्या सगळ्यांना एकदा यावर तासभर लेक्चर दिलं होतं, कुणी मागितलं नसताना. शेवटी माझ्या मॉनिटरला एक कागद चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरात: साडेपाच मिळवा. येणारा-जाणारा वाचायचा. मला वाटायचं, आदराने वाचतात.

माझ्या समोरच्या टेबलावर ती बसायची. इंदूरजवळच्या महूची, छावणीच्या गावची. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि ही आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर. रोज बसने यायची, सव्वाआठच्या सुमारास भंवरकुआंला उतरायची, आणि ऑफिस उघडायच्या आधी हजर. घरी एक मुलगी, पहिलीत. मला दादा म्हणायची. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, मतलब जिला इंदूरकडे मराठी म्हणतात तिच्यात. पुण्याची माझी मावसबहीण एकदा आम्हा दोघांचं बोलणं ऐकून गेली आणि तिने विचारलं की तुम्ही नक्की कुठल्या भाषेत भांडत होता.

तिचं कॉन्ट्रॅक्ट त्या महिन्यात संपत होतं. नोकरी पक्की करायची की नाही, हे साहेब शनिवारच्या मीटिंगमध्ये ठरवणार होते. तिचे वडील रोज दुपारी फोन करायचे. ती 'जय भीम बाबा' म्हणायची आणि पुढे तेच उत्तर: 'नाही, अजून नाही झाली.' पक्की झाली तर ती मुलीला घेऊन इंदूरला राहायला येणार होती, शाळासुद्धा बघून ठेवली होती, अन्नपूर्णाला, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. नाही झाली तर परत महूत एखादं कॉम्प्युटरचं दुकान बघायचं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी मेसेज बंद पडले. शाळा सुटायची वेळ. बसेस निघाल्या आणि एकाही पालकाला मेसेज नाही. फोन वाजायला लागले. एक आजोबा तर उन्हात स्टॉपवर उभे राहून मला फोनवर माझ्या खानदानाची चौकशी करत होते. मी काय केलं? जे मी आयुष्यभर करत आलो. सर्व्हर रीस्टार्ट केला. टीव्ही बंद पडला तर थाप मारतो, सर्व्हर बंद पडला तर रीस्टार्ट. आणि थोड्या वेळाने मेसेज जायला लागले! वा रे पठ्ठ्या! मी खुर्चीतून उठलो, खाली गेलो, सगळ्यांसाठी कचोऱ्या घेऊन आलो. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भिया, तुम हो तो टेंशन नहीं." मी मान हलवली, जशी मोठी माणसं हलवतात. समोरच्या टेबलावर तिने दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

शुक्रवारी शाळेची मेल आली. गोड भाषेत लिहिली होती, पण अर्थ सरळ होता: बुधवारी कोणाची चूक झाली ते लिहून द्या, नाहीतर आम्ही दुसरे लोक बघतो. साहेबांनी मला बोलावलं. शनिवारी सकाळपर्यंत काय कधी झालं त्याचा एकच तक्ता पाहिजे, तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र. मी म्हटलं, हो जाएगा. यूटीसीचा माणूस मीच ना.

बसलो. तीन फाइली उतरवून घेतल्या. सर्व्हरच्या फाइलीत प्रत्येक वेळेच्या शेवटी झेड असं अक्षर, म्हणजे यूटीसी. तिथे फॉर्म्युला लावला, साडेपाच मिळवले. व्हेंडरच्या फाइलीत वरच लिहिलेलं, भारतीय वेळ. तिला हात लावला नाही. तिसरी पॅनेलची. तिच्यात वेळेपुढे ना झेड ना काही, नुसती वेळ. आता इथे माझं डोकं धावलं. पॅनेल मी रोज स्क्रीनवर बघतो, तिथे आपलीच वेळ दिसते, मग त्याची फाइलसुद्धा आपल्याच वेळेत असणार! उघड आहे. तिलाही हात लावला नाही. तिन्ही एकाखाली एक जोडल्या, वेळेप्रमाणे लावल्या, आणि मागे टेकून वाचायला लागलो.

तक्ता असा बोलत होता. बुधवारी सकाळी आठ अठराला पॅनेलमध्ये व्हेंडरची की बदलली. की म्हणजे तो लांबलचक सांकेतिक शब्द, जो दाखवल्याशिवाय व्हेंडर आमचा मेसेज घेत नाही. बदलणाऱ्याच्या जागी तिचं नाव. मग दुपारपर्यंत शांतता, कारण सकाळच्या बसेस तोवर पोचलेल्या. दीड वाजता शाळा सुटली आणि पहिल्याच मेसेजपासून सगळे व्हेंडरकडून परत. एक पस्तीसला मी रीस्टार्ट केला. एक एकोणपन्नासला मेसेज जायला लागले.

झालं. गोष्ट तयार होती. हिने सकाळी चुकीची की घातली, दुपारी तिचं फळ मिळालं, आणि मी येऊन वाचवलं. चुकीची की रीस्टार्ट केल्याने बरोबर कशी झाली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. रीस्टार्टनंतरही चौदा मिनिटं मेसेज का परत येत होते, हा दुसरा. त्याला मी शेरा लिहिला: 'रीस्टार्टचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो.' स्वतःचं कौतुक करायचं ठरवलं की माणसाला किती छान शेरे सुचतात.

तरी मन खात होतं, खोटं नाही सांगत. म्हणून तिला विचारलं.

"बुधवारी की तू बदललीस?"

तिचा चेहरा उतरला. "हो दादा."

"मला न विचारता?"

आमच्याकडे नियम होता, पॅनेलमध्ये काही बदलायचं तर आधी मला विचारायचं. नियम अर्थात मीच केलेला.

"हो," ती म्हणाली. "चुकलं. विचारायला पाहिजे होतं. पण तेव्हा विचारत बसले असते तर…"

"तर काय?"

"काही नाही. चुकलं."

बस्स. आरोपीने कबूल केलं, आता न्यायाधीशाला काय पाहिजे? मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, तिची मुलगी डोळ्यांसमोर आली. पण वाईट वाटता वाटता मी तक्त्यात अजून एक शेरा घातला, सकाळी आठ अठराच्या ओळीपुढे: 'बदल बहुधा प्रवासात असताना, बसमधून केला.' कारण आठ अठराला ती ऑफिसात नसते, ऑफिस साडेआठला उघडतं. बसमधून पॅनेल उघडणारी निष्काळजी बाई! घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तीच ना, जिने परवा तुमची स्कूटर ढकलली?" मी म्हटलं, "हो, तीच. माणूस म्हणून चांगली आहे गं, पण कामात…" बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसा कुठे आहे हे तोंडाने सांगत होतो, तरी वळसा घालत होतो.

शनिवारी मीटिंग. साहेब, ती आणि मी. भिंतीवर माझा तक्ता, मोठा करून, रंगवून. तिची ओळ मी लाल केली होती. का केली होती देव जाणे, छान दिसत होती. टेबलावर साहेबांसमोर तिची फाइल, आणि फाइलीत ते पक्कं करायचं पत्र, सहीविना. मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

मी उभा राहिलो. आधी यूटीसीवर दोन मिनिटं बोललो, साहेबांनी जांभई दिली. मग ओळीमागून ओळ वाचू लागलो. लाल ओळीपाशी आवाज जरा खाली आणला, कारण प्रसंग गंभीर. "सुबह आठ अठारह पर की बदली गई. शायद बस में सफ़र करते हुए."

साहेबांनी फाइल बंद केली. पत्र आतच राहिलं. "मैडम, ये तो ठीक नहीं है," ते म्हणाले. "बच्चों का मामला है."

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. कसला तरी हिशोब जुळत नसताना माणूस बघतो तसं.

"दादा," ती म्हणाली, मराठीत, "बुधवारी सकाळी आठ अठरा?"

"हो."

"बुधवारी सव्वाआठला मी तुमची स्कूटर ढकलत होते."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. चौकाच्या अलीकडे पेट्रोल संपलेलं. मी किकवर उभा, घामाघूम, स्कूटर शिव्या खात. ती बसमधून उतरून चालत येत होती. 'दादा, तुम्ही हँडल धरा,' म्हणाली, पर्स गळ्यात अडकवली आणि मागून ढकलायला लागली. पंपापर्यंत. कोचिंगची पोरं वही छातीशी धरून हसत उभी. एकाने तर 'और ज़ोर से, दीदी' म्हणून आवाजही दिला. पंपावरच्या माणसाने विचारलं होतं, कितने का, आणि मी खिसे चाचपडता चाचपडता मनगटावर बघून म्हणालो होतो, 'आठ वीस झाले, चल लवकर.' मी म्हणालो होतो. माझ्या तोंडाने.

"क्या हुआ?" साहेबांनी विचारलं. त्यांना मराठी अर्धी कळते, पण स्कूटर हा शब्द पूर्ण कळला होता.

"सर," ती हिंदीत म्हणाली, "की मैंने बदली है. लेकिन दोपहर में. लंच के बाद. मैसेज बंद थे, वेंडर को फ़ोन किया, उन्होंने बोला पुरानी की उसी दोपहर से बंद है, नई दी, मैंने डाल दी. दादा से पूछा नहीं, वो ग़लती है. बस में तो मैंने कुछ नहीं किया."

मला अजून एक संधी होती गप्प बसायची. पण हात आपोआप लॅपटॉपकडे गेले. पॅनेल उघडलं. स्क्रीनवर तीच नोंद: बुधवार, दुपारी एक अठ्ठेचाळीस. बाजूला उतरवलेली फाइल उघडली. तीच नोंद, तेच नाव: आठ अठरा. एक अठ्ठेचाळीसमधून आठ अठरा वजा केले, तर किती उरतात ते सांगायला आता लेक्चरची गरज नव्हती. पॅनेल आपल्या पोटात यूटीसीच ठेवतं. स्क्रीनवर दाखवताना बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरची वेळ पाहून बदलून दाखवतं. फाइल काढली की मात्र पोटातलं आहे तसं बाहेर टाकतं. आणि मॉनिटरवर साडेपाच मिळवा लिहून ठेवणाऱ्या महाशयांनी नेमके तिथेच मिळवले नव्हते.

"जोड़ दो फिर," साहेब म्हणाले.

मी तिथेच, भिंतीवर सगळ्यांना दिसत असताना, त्या फाइलीत साडेपाच मिळवले आणि तक्ता पुन्हा वेळेप्रमाणे लावला. लाल ओळ वरून निघाली आणि खाली, खाली, माझ्या रीस्टार्टच्याही खाली जाऊन बसली. दीड वाजता मेसेज बंद. एक पस्तीसला मी रीस्टार्ट केला. त्यानंतर मेसेज परत, परत, परत. एक अठ्ठेचाळीसला तिने की बदलली. एक एकोणपन्नासला पहिला मेसेज गेला.

"पढ़ो," साहेब म्हणाले.

मी वाचलं. पुढे माझा शेराही होता, तोही वाचावा लागला. 'रीस्टार्टचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो.' साहेब हसायला लागले, आधी नाकातून, मग पोट धरून. "भिया, तो कचोरी किस बात की थी?" माझ्या रीस्टार्टने त्या दुपारी फक्त कचोरीवाल्याचं भलं झालं होतं.

त्यांनी फाइल उघडली, पत्र काढलं आणि सही केली. न विचारता बदल केल्याबद्दल तिला दोन शब्द सुनावले, ते तिने मान खाली घालून ऐकले. शाळेला काय लिहायचं ते ठरलं: व्हेंडरची जुनी की बंद झाली, त्यांची सूचना आमच्या कॉमन मेलबॉक्समध्ये कुणी वाचलीच नव्हती, आणि कोणी दुरुस्त केलं ते नावानिशी. ती मेल मी लिहिली. त्यात रीस्टार्टचा उल्लेख करावा की नाही यावर बराच विचार केला. केला उल्लेख. एका ओळीत, शेरा न देता.

ती जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होती. "जय भीम बाबा. हो. हो, झाली. पक्की झाली." मग नुसती हं हं करत होती, आणि ओढणीने नाक पुसत होती. मी दोन पायऱ्या वर थांबलो. फोन ठेवून तिने मला पाहिलं.

"अगं, बुधवारीच का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी मूर्खासारखा कचोऱ्या वाटत फिरत होतो."

"तुम्ही एवढे खूश होता दादा. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला होता. मी काय बोलणार? म्हटलं, मेसेज जायला लागले ना, झालं. पोरं घरी पोचली." ती हसली. "आणि कचोरी गरम होती."

मीही हसलो. वाटलं, सुटलो. पण ती खाली उतरता उतरता थांबली.

"एक विचारू दादा? काल तुम्ही मला विचारलंत, की तू बदललीस का. मी हो म्हटलं. किती वाजता, हे का नाही विचारलंत?"

माझ्याकडे तीन फाइली होत्या, फॉर्म्युला होता, कागद चिकटवलेला होता. ती समोरच्या टेबलावर बसत होती, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "चला खाली. पेट्रोल आहे ना?"

खाली गेल्यावर बघितलं. अर्ध्याहून कमी होतं. मी तिला तसं सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ती अन्नपूर्णाला घर बघायला आली तेव्हा टाकी भरून तिला स्टॉपवरून घ्यायला गेलो.